अटी सोप्या करताना मर्यादा सांभाळणे



बँकेचे खाते उघडताना, दुकानातून शीतकपाट घेताना किंवा मोबाइलचे कार्ड बदलताना आपल्यापुढे जो ‘अटी व शर्ती’ नावाचा कागद येतो, तो आपल्यापैकी बहुतेक जण वाचत नाहीत. व्यावहारिक अनुवादाच्या या घटकात तोच कागद आपल्याला साध्या मराठीत आणायचा आहे. हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. कवितेच्या अनुवादात एखादी छटा निसटली तर रसहानी होते. येथे एखादे क्रियाविशेषण निसटले तर कोणाचे तरी पैसे जातात किंवा कोणी तरी आपला हक्क सोडून घरी बसतो.

कागल येथे घेतलेल्या एका संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना एक उतारा सोपा करण्यासाठी दिला होता. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकावर तो आधारलेला होता. खातेदाराच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला, तर नुकसान कोणी किती सोसायचे, हे त्या परिपत्रकाने ठरवून दिले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांसाठीही तशीच तरतूद आली. बँकांनी ती आपापल्या अटींच्या पानांत समाविष्ट केली. अशा तरतुदी पुढे बदलत जातात. म्हणून प्रत्यक्ष काम करताना त्या दिवशी लागू असलेली संहिताच समोर ठेवावी आणि अनुवादित पानावर तिचा दिनांक घालावा. आपल्याला येथे २०१७ ची संहिता अभ्यासासाठी पुरेशी आहे, कारण तिच्यात मर्यादेचे जवळजवळ सर्व प्रकार एकत्र आले आहेत.

विद्यार्थ्यांना दिलेले वाक्य असे होते: ‘अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराबाबत, त्रुटी बँकेची अथवा ग्राहकाची नसून प्रणालीत अन्यत्र असल्यास, आणि ग्राहकाने बँकेकडून व्यवहारविषयक सूचना प्राप्त झाल्यापासून चार ते सात कार्यदिवसांच्या विलंबाने बँकेस अधिसूचित केल्यास, ग्राहकाचे प्रतिव्यवहार दायित्व व्यवहारमूल्य अथवा तक्ता क्र. १ मध्ये नमूद रक्कम, यांपैकी जी कमी असेल तीपुरते मर्यादित राहील.’

हे वाक्य मराठी आहे, पण ते वाचणाऱ्याला दमवते. एका विद्यार्थिनीने ते पुढीलप्रमाणे सोपे केले: ‘तुमच्या खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले तर आठवड्याच्या आत बँकेला कळवा. उशीर झाल्यास दहा हजार रुपये तुम्हाला सोसावे लागतील.’ वर्गाने तिचे कौतुक केले, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते आवडले. वाक्ये लहान, शब्द ओळखीचे, कानाला गोड. मग आम्ही एक हिशेब मांडून पाहिला.

समजा, कागलच्या एका शिक्षिकेच्या बचत खात्यातून ६,४०० रुपये कोणी परस्पर काढले. चूक तिची नाही, बँकेचीही नाही. व्यवहाराच्या वाटेवरील दुसऱ्याच कोणाच्या यंत्रणेतून माहिती फुटली. बँकेचा संदेश तिला शुक्रवारी मिळाला. दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद, नंतर रविवार. तिने बुधवारी शाखेत जाऊन कळवले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेप्रमाणे शनिवारपासून मोजले तर तो पाचवा दिवस होतो. पण परिपत्रकात संदेश मिळाल्याचा दिवस वगळला आहे, आणि उरलेले दिवस खातेदाराच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे आहेत. म्हणून सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. शिक्षिका तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत आली आहे आणि तिला एक रुपयाही सोसावा लागत नाही. अनुवादात नुसते ‘तीन दिवस’ लिहिले असते, तर सोमवार उलटताच ‘आता मुदत संपली’ असे समजून ती कदाचित शाखेत गेलीच नसती.

ती गुरुवारी आली असती तर? तो चौथा कामकाजाचा दिवस. साध्या बचत खात्यासाठी तक्त्यातील रक्कम १०,००० रुपये आहे. मूलभूत बचत खाते असते तर ५,०००. गेलेली रक्कम ६,४००, म्हणजे १०,००० पेक्षा कमी. तेव्हा तिचे नुकसान ६,४०० एवढेच. विद्यार्थिनीच्या वाक्यात मात्र उशीर ठरला की सरसकट ‘दहा हजार रुपये’ सोसावे लागतात, म्हणजे गेले त्याहून जास्त! उलट ४२,००० रुपये गेले असते, तर तिचा भार १०,००० वर थांबला असता आणि उरलेले ३२,००० बँकेने सोसले असते. आणि ६,४०० व ४२,००० असे दोन वेगळे व्यवहार झाले असते, तर मर्यादा प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र लागते; म्हणून ६,४०० अधिक १०,०००, एकूण १६,४००. ‘प्रतिव्यवहार’ हा बोजड शब्द विद्यार्थिनीने गाळला, तो शोभेचा नव्हता.

या हिशेबातून मर्यादेची रचना हाती लागते. मर्यादा म्हणजे केवळ एखादा आकडा नव्हे. कोणत्या परिस्थितीत, कोणावर, कोणत्या क्षणापासून, कोठपर्यंत आणि कशाच्या मागे किती, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्याला चिकटलेली असतात. अवघड वाक्य सोपे करताना आपले लक्ष शब्दांकडे असते आणि ही चिकटलेली उत्तरे हातातून गळतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी मूळ वाक्य मोडून ही उत्तरे समासात लिहून काढा आणि मगच लेखणी उचला. त्याच सत्रात आम्ही शेवटी जो मजकूर तयार केला, तो असा:

‘तुमच्या संमतीशिवाय तुमच्या खात्यातून ऑनलाइन व्यवहार झाला आणि त्यात चूक बँकेचीही नाही व तुमचीही नाही, तर ती यंत्रणेत दुसरीकडे कोठे तरी झाली, अशा वेळी पुढील नियम लागू होतात. व्यवहाराची सूचना बँकेकडून मिळाल्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत तुम्ही बँकेला कळवले, तर तुम्हाला काहीही सोसावे लागणार नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर प्रत्येक व्यवहारामागे तुम्हाला जास्तीत जास्त तक्ता क्र. १ मध्ये दिलेल्या रकमेइतके नुकसान सोसावे लागेल. व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल, तर तेवढेच. सात कामकाजाच्या दिवसांनंतर कळवले, तर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होईल. दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरू नये. तुमचे खाते ज्या शाखेत आहे, तिच्या कामकाजाचे दिवसच मोजावेत.’

हा मजकूर मूळ वाक्यापेक्षा लांब झाला, कारण मूळ परिपत्रकात इतरत्र असलेले मोजणीचे नियम आम्ही जवळ आणून ठेवले. सोपे म्हणजे आखूड, ही समजूत अनुवादकाने सोडून द्यावी. वाचकाला एका वेळी एकच गोष्ट सांगितली की वाक्य सोपे होते. एकूण शब्द वाढले तरी बिघडत नाही.

याच परिपत्रकातील आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. खातेदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने गुप्त क्रमांक दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले, तर तो बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेचे. अनेक माहितीपत्रकांत हे ‘ओटीपी सांगितल्यास नुकसानीची संपूर्ण जबाबदारी ग्राहकाची राहील’ इतके ‘सोपे’ केलेले मी पाहिले आहे. ‘कळवेपर्यंत’ हा एक शब्द गेला आणि त्याबरोबर नियमाचा अर्धा भाग गेला. चूक आपलीच आहे, आता कळवून काय उपयोग, असे मानून ज्याने फोन केला नाही, त्याच्या खात्यातून पैसे जातच राहतात. ज्या क्षणी कळवायला हवे, त्याच क्षणी हा अनुवाद त्याला गप्प बसवतो.

येथे मराठीच्या काही स्वभावधर्मांकडे पाहू. पहिला ‘आपण’ या सर्वनामाचा. या पुस्तिकेत मी सतत ‘आपण’ वापरतो आहे आणि त्यात वाचक व लेखक दोघेही येतात. पण ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषीही आहे आणि ‘स्वतः’ या अर्थी आत्मवाचकही. ‘या व्यवहाराची जबाबदारी आपली राहील’ असे बँकेच्या पानावर छापले, तर ती ग्राहकाची, बँकेची, की दोघांची? व्याकरण उत्तर देत नाही. क्रियापद ‘आपण कळवावे’ असे असेल तर प्रश्न सुटतो, पण ‘आपली’, ‘आपल्याला’ ही रूपे संदिग्धच राहतात. अटींच्या मजकुरात म्हणून ‘तुम्ही’ आणि ‘बँक’ अशी जोडी ठेवावी. ‘तुम्ही’ काहींना कमी आदराचे वाटते. तसे वाटत असेल तर ‘खातेदार’ वापरावे. परंतु एकदा ‘खातेदार’, मग ‘ग्राहक’, मग ‘धारक’ असे करू नये. निबंधात एकच शब्द पुनःपुन्हा येऊ देऊ नका, असे शाळेत आपल्याला शिकवले होते. येथे तो संस्कार विसरावा लागतो, कारण शब्द बदलला की माणूस बदलला, असा अर्थ कायद्याचा वाचक घेतो.

दुसरा प्रश्न शक्यतेचा. इंग्रजी कायद्याच्या भाषेतील ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील अंतर शासकीय मराठीने फार काटेकोरपणे जपले आहे: बंधन असेल तेथे ‘करील’, मुभा असेल तेथे ‘करता येईल’. बोलीच्या जवळ जाताना आपण दोन्हीकडे ‘करू शकते’ लिहू लागतो किंवा ‘करील’ला केवळ भविष्यकाळ समजून बसतो. ‘बँक दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करील’ हे २०१७ च्या परिपत्रकातील बंधन आहे; वाचणाऱ्याला ते भाकीत वाटू शकते. म्हणून साध्या मराठीत ‘जमा करणे बँकेवर बंधनकारक आहे’ किंवा ‘बँकेला जमा करावीच लागेल’ असे स्पष्ट लिहिणे श्रेयस्कर. मुभा असेल तेथे ‘बँकेला वाटल्यास’ किंवा ‘बँकेला अधिकार राहील’ असे लिहावे. ‘करू शकते’ला मी या कामापुरती रजा दिली आहे.

आता कागलच्या बाजारपेठेतील एका ओळीकडे येऊ. पावतीच्या तळाशी ती बारीक अक्षरांत असते: ‘सर्व वाद केवळ कोल्हापूर येथील न्यायालयांच्या अधिकारितेच्या अधीन.’ आपल्या गावाला या ओळीचे महत्त्व इतरांपेक्षा थोडे अधिक आहे. महामार्गाने थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते; निपाणीची मंडळी खरेदीला इकडे येतात. निपाणी बेळगाव जिल्ह्यात. तेव्हा कोल्हापूर की बेळगाव हा प्रश्न येथे कागदावरचा राहत नाही.

या ओळीतील ‘केवळ’चे काय करायचे? भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २८ नुसार कोणालाही न्यायालयात जाण्यापासून पूर्णपणे रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. पण दोन ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असताना त्यांपैकी एक निवडण्याचा करार चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हाकम सिंग विरुद्ध गॅमन या प्रकरणात सांगितले. तेथे दावा वाराणसीत लावला होता आणि कराराने मुंबई ठरवली होती, मुंबई टिकली. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला मात्र करारानेही तो देता येत नाही. पुढे २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या प्रकरणात करारात ‘केवळ’सारखा शब्द नव्हता, तरीही कोलकात्याचा उल्लेख केल्याने इतर ठिकाणे वगळली गेली, असा अर्थ न्यायालयाने लावला. अनुवादकासाठी यातला धडा असा की मूळ पानावर ‘केवळ’ असेल तर तो ठेवावा, नसेल तर स्वतःहून घालू नये, आणि नाही म्हणून ‘कोल्हापुरातही दावा करता येईल’ असे मोकळे रूपही देऊ नये. ‘कोल्हापुरातील न्यायालयांना या वादांचा निर्णय करण्याचा अधिकार राहील’ एवढेच लिहावे.

सत्रात या ओळीचे सर्वांत सोपे रूप आले ते असे: ‘काहीही तक्रार असल्यास कोल्हापुरातच करावी लागेल.’ ऐकायला स्वच्छ. पण मूळ ओळीत ‘वाद’ आणि ‘न्यायालय’ होते. येथे ‘तक्रार’ आली आणि ‘न्यायालय’ गेले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा पोटासाठी स्वतः काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही त्याला तक्रार करता येते. म्हणजे कागलमध्ये घेतलेले यंत्र सदोष निघाले, तर निपाणीच्या ग्राहकाला कायद्याने बेळगावच्या आयोगाचे दार उघडे आहे. दुकानाच्या मूळ ओळीने ते दार स्पष्ट शब्दांत बंद केलेले नव्हते. सोप्या मराठीने ते बंद केले. मर्यादा हरवणे ही जशी चूक आहे, तशी ती वाढवणे हीही चूकच आहे, आणि माझ्या अनुभवात सोपे करण्याच्या नादात दुसरी अधिक वेळा घडते. ‘वाद न्यायालयात गेल्यास तो केवळ कोल्हापूर येथील न्यायालयांतच चालेल’ हे रूप पुरेसे सोपे आहे आणि मूळच्या हद्दीत राहते.

येथे एका विद्यार्थ्याने योग्य शंका काढली होती: ग्राहकाचा हा हक्क ठाऊक असताना अनुवादकाने तो त्याच ओळीत का लिहू नये? त्याच्या प्रश्नामागची कळकळ मला मान्य आहे, उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. पान दुकानाचे आहे. आपण त्यात भर घातली तर दुकानाने न दिलेला शब्द आपण त्याच्या तोंडी घालतो, आणि उद्या मूळ व अनुवाद यांत वाद झाला तर कोणता मजकूर खरा, हा नवा घोळ निर्माण होतो. हीच गोष्ट ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला लागू आहे. २०१९ च्या अधिनियमातील कलम २ (४७) नुसार पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही पाटीचा अनुवाद करताना ‘सदोष माल वगळता’ असे आपण पदरचे घालायचे नाही. आपण काम देणाऱ्याला वेगळ्या टिपणात कळवायचे: ही ओळ कायद्याशी विसंगत दिसते, वकिलांना दाखवून मूळ दुरुस्त करावे, मग मी अनुवाद बदलेन. टिपण लेखी असावे आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका व्यापाऱ्याच्या पानावर अशी परोपकारी भर घातली होती. त्याने ती छापल्यावर इंग्रजी पान एक सांगत होते आणि मराठी दुसरेच. ते सारे गठ्ठे रद्दीत गेले आणि मानधन बुडाले, तेही न्यायाने.

अनुवाद पुरा झाला की त्याची परीक्षा घ्यायची. मूळ न पाहिलेल्या व्यक्तीला तो वाचायला द्यावा. ‘समजले का?’ असे विचारू नये. सौजन्याने सगळे ‘हो’ म्हणतात. तिच्यापुढे आकडे आणि वार ठेवावेत: संदेश शुक्रवारी आला, शनिवारी बँक बंद होती, गुरुवारी कळवले, १२,००० रुपये गेले, तुमचे किती बुडाले? तिचे उत्तर आणि मूळ संहितेवरून काढलेले उत्तर जुळले नाही, तर दोष वाचकाचा धरू नये. ज्या शब्दावर ती अडखळली, तेथे खूण करून वाक्य पुन्हा बांधावे. सत्रातील विद्यार्थिनीने हा मजकूर आपल्या सासूबाईंना वाचून दाखवला होता. त्या ‘कामकाजाचा दिवस’ याचा अर्थ ‘आपण कामावर जातो तो दिवस’ असा समजल्या. त्या शेतात रविवारीही जातात. म्हणूनच वरच्या मजकुरात शाखेच्या कामकाजाचे वाक्य शेवटी आले आहे.

स्वयं-अध्ययन

पुढील वाक्य साध्या मराठीत लिहा: ‘विक्रेत्याचे एकूण दायित्व, कोणत्याही परिस्थितीत, ज्या वस्तूबाबत दावा उद्भवला तिच्या प्रदत्त मूल्याहून अधिक असणार नाही, तथापि वितरणाच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत लेखी सूचना न दिलेल्या दाव्यांबाबत कोणतेही दायित्व राहणार नाही.’ लिहिण्यापूर्वी समासात नोंदवा: मर्यादा एका वस्तूला आहे की संपूर्ण पावतीला, दिवस कोणत्या घटनेपासून मोजायचे, वितरणाचा दिवस धरायचा की नाही याबद्दल मूळ वाक्य काय सांगते, आणि दूरध्वनीवरून दिलेली सूचना चालेल का. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर मूळ वाक्यात नाही. तो प्रश्न कोणता, हे ओळखून काम देणाऱ्यास पाठवायचे चार ओळींचे टिपणही सोबत जोडा.